रात्रीचं चूर्ण कसं सुटेल?

रात्री जेवणानंतर कोमट पाण्यातून चमचाभर चूर्ण घ्यायचं, ही कित्येक घरांतल्या ज्येष्ठांची वर्षानुवर्षांची सवय असते. वनस्पतीचंच तर आहे, रोज घेतलं म्हणून काय बिघडतं, अशी त्यामागची समजूत. पण अशा अनेक डब्यांवरची घटकांची यादी वाचली, तर तीत सोनामुखी सापडते. सोनामुखी हे चांगलं जोरकस रेचक आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पोट साफ होण्याच्या काही गोळ्यांमध्येही तीच असते.

सोनामुखीतली द्रव्यं लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचं विघटन करतात आणि त्यातून तयार झालेला पदार्थ आतड्याच्या भिंतीला चेतवतो. मग तिथले स्नायू जोराने आवळतात आणि मळातलं पाणी शोषून घेण्याचं कामही मंदावतं. या सगळ्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलेलं चूर्ण सकाळी लागू पडतं. बिसाकोडिलची गोळीही साधारण अशाच पद्धतीने काम करते.

फसगत होते ती दुसऱ्या दिवशी. एरवी सकाळी मोठ्या आतड्याचा शेवटचा भागच रिकामा होतो. जोरकस रेचकाने त्याहून वरचा भागही धुऊन निघतो आणि तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तेवढे दिवस शौचाला झालं नाही, तर ते अपेक्षितच असतं. माणसाला मात्र वाटतं की बद्धकोष्ठता परतली, आणि तो पुन्हा चमचा घेतो. रोज असंच चाललं की मलाशय आपोआप भरून कळ येण्याची वेळच येत नाही. हळूहळू एका चमच्याने भागत नाही, दोन लागतात. वारंवार पातळ होत राहिलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. आतड्याच्या स्नायूंना आकुंचनासाठी पोटॅशियम लागतं, त्यामुळे ते कमी पडलं की आतडं आणखी मंदावतं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध घेतलं, तीच औषधामुळे वाढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

रेचकांमुळे आतड्याच्या नसा कायमच्या मरतात, असं पूर्वी ठामपणे सांगितलं जाई. योग्य मात्रेत घेतलेल्या औषधाबाबत त्याला भक्कम पुरावा नाही. सोनामुखीने आतड्याचं अस्तर काळपट होतं, तेही औषध बंद केल्यावर काही महिन्यांत निवळतं. म्हणूनच सवय सोडवण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

समजा, पासष्टीच्या एक आजी रोज दोन चमचे चूर्ण घेतात. आधी त्यांच्या बाकीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्या, कारण लोह, कॅल्शियम आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही मळ घट्ट होतो. थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी. चूर्ण एकदम तोडायचं नाही. संध्याकाळी एक चमचा इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी प्यायचं. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. इसबगोल मळात पाणी धरून ठेवतं, त्याचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. सोसत नसेल तर लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड डॉक्टरांना विचारून घ्यावी. तीही आतड्याला न चेतवता मळ मऊ ठेवतात.

हे बस्तान बसलं की चूर्ण एका चमच्यावर आणायचं, दीड-दोन आठवड्यांनी दिवसाआड करायचं, मग थांबवायचं. नाश्त्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपसूक वाढते, ती वेळ साधून दहा मिनिटं निवांत बसायचं, कुंथायचं नाही. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्यायचं. एखाददुसरा दिवस कोरडा गेला तर घाबरायचं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या फरकात सारं नेहमीचंच. सलग तीन दिवस काहीच झालं नाही, तर त्या रात्रीपुरती रेचकाची एक मात्रा घ्यायला हरकत नाही.

मळातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर रेचक घेत बसू नये, तपासणी करून घ्यावी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा रेचक मुळीच घ्यायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आणि काहींना रोजचं रेचक खरोखरच लागतं. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्यांचं आतडं त्या औषधानेच मंदावतं. त्यांना डॉक्टर सोनामुखीसारखं रेचक रोज, मुद्दाम देतात. ते हा लेख वाचून बंद करू नये.