सुजलेला ओठ आणि सकाळची गोळी

काकूंचा ओठ पहिल्यांदा सुजला तेव्हा घरात सगळे हसले होते. सकाळी उठल्या तर वरच्या ओठाचा उजवा अर्धा भाग टम्म फुगलेला. खाज नाही, आग नाही, नुसता ताण. रात्री मुंगी चावली असेल म्हणून सेटिरिझिनची गोळी घेतली आणि दोन दिवसांत ओठ उतरला. तीन महिन्यांनी डावा गाल आणि खालचा ओठ सुजला. आदल्या रात्री भरली वांगी झाली होती, त्यामुळे वांगी बंद झाली. या वेळी जवळच्या दवाखान्यात अॅव्हिलचं इंजेक्शन घेतलं, सूज दोन दिवसांत उतरली. तिसऱ्या वेळी दोष कोळंबीवर गेला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा दोन दिवस.

चौथ्या वेळी रात्री साडेदहाला मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा ओठ साधाच होता. सुजली होती ती जीभ. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

काकू बासष्ट वर्षांच्या. बोलत होत्या, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. हातातला रुमाल लाळेने ओला झालेला. अंगावर एकही गांधी नव्हती. मुलाने बोटाला लावायचं यंत्र घरूनच आणलं होतं. त्यावर ऑक्सिजन 97 दिसत होता आणि त्या आकड्याने त्याला धीर आला होता. मला आला नाही. घशाची वाट अरुंद होत असताना हा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि घसरतो तो अगदी शेवटी. त्या घडीला आकड्यापेक्षा आवाज आणि लाळ जास्त खरं सांगतात.

या सुजेला वैद्यकात अँजिओएडिमा म्हणतात. कातडीच्या खोल थरातल्या बारीक रक्तवाहिन्या अचानक पाझरू लागतात आणि ते पाणी जिथे ऊती सैल असतात तिथे साठतं. पापण्या, ओठ, जीभ, पडजीभ, हातापायांचे पंजे, कधी आतड्याची भिंतही. सुजलेला ओठ सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण रक्तवाहिन्यांना पाझरायला लावणारी रसायनं मुख्यतः दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिलं हिस्टामिन. आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो, ज्यावर आजी आमसुलाचं पाणी चोळायची, ते याचंच काम. (जठरातल्या पित्ताचा त्याच्याशी संबंध नाही, पण नाव आता बदलणार नाही.) हिस्टामिनची सूज भराभर येते, बहुधा काही मिनिटांत ते दोनेक तासांत, आणि बरेचदा खाज आणि गांधी सोबत आणते. दाढ दुखते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलेला एखादा तरुण तासाभरात सुजलेल्या पापण्या चोळत येतो, पोटावर लाल चट्टे असतात, आणि बाकी तो ठणठणीत असतो. अशा वेळी अँटिहिस्टामिन पुरतं. मोठ्या माणसाला सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम किंवा लेव्होसेटिरिझिन 5 मिलिग्रॅम; लहान मुलांचा डोस वय आणि वजन पाहून डॉक्टरांनी ठरवायचा. गोळीचा असर दिसायला तास-दीड तास द्यावा लागतो. खाज आधी थांबते, सूज नंतर उतरते. पापणीची कातडी फार सैल असल्याने तिथलं पाणी ओसरायला दोन दिवसही लागतात, म्हणून सकाळी डोळा अजून जड दिसला तर औषध लागू पडलं नाही असं समजू नये. मात्र गोळी घेऊन लगेच झोपून जाऊ नये. पुढचे काही तास कुणीतरी सोबत असावं, आणि ज्या वेदनाशामकाने हे झालं त्याचं नाव लिहून ठेवावं.

याच हिस्टामिनचं रौद्र रूप म्हणजे अॅनाफिलॅक्सिस. गांधीलमाशी चावली, शेंगदाणा किंवा कोळंबी खाल्ली, एखादं इंजेक्शन घेतलं आणि काही मिनिटांत ओठ सुजले. पण त्याबरोबर छातीत घरघर, आवाज बसणं, डोळ्यांपुढे अंधारी, वारंवार उलट्या यांपैकी काही सुरू झालं, तर सेटिरिझिनची पट्टी शोधण्यात वेळ घालवू नये. ती गोळी खाज थांबवते. बंद होऊ लागलेली श्वासाची वाट उघडत नाही आणि कोसळणारा रक्तदाब उचलत नाही. ते करतं अॅड्रिनलिन. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने, स्नायूत; गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. दवाखान्यात हे औषध अँप्युलमध्ये असतं आणि ते स्वस्त आहे. तरीही आधी अॅव्हिल, मग डेक्सोना, आणि हे दोन्ही हरले की अॅड्रिनलिन, असा उलटा क्रम मी अनेकदा पाहिला आहे. 108 ला फोन करताना ‘ॲलर्जी झाली’ एवढंच न सांगता ‘ओठ सुजलेत आणि श्वास लागतोय’ असं सांगावं. चक्कर येत असेल तर रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत, गाडीपर्यंत चालवत नेऊ नये. श्वास लागत असेल तर बसू द्यावं.

काकूंना आम्ही अॅड्रिनलिन दिलं, अँटिहिस्टामिन दिलं, स्टिरॉइडही दिलं. जीभ सुजलेली असताना आधी ॲलर्जी धरूनच चालावं लागतं. अर्धा तास गेला, जीभ तसूभर हलली नाही. मग मी मुलाला म्हटलं, ‘आईच्या सगळ्या गोळ्या घेऊन ये. नावं सांगू नकोस, पट्ट्याच आण.’

पट्ट्यांमध्ये होती रामिप्रिल 5 मिलिग्रॅम, रक्तदाबासाठी, चार वर्षांपासून. आणि साखरेसाठी वर्षभरापूर्वी सुरू झालेली व्हिल्डाग्लिप्टिन. ओठ सुजायला सुरुवात झाली तीही वर्षभरापूर्वीच.

इथे दुसरं रसायन येतं, ब्रॅडिकिनिन. ते शरीरात सतत थोडं थोडं तयार होतं आणि एसीई नावाचं एन्झाइम त्याचा सतत निकाल लावतं. रक्तदाबाची ‘प्रिल’ कुळातली औषधं नेमकं हेच एन्झाइम अडवतात. या कुळाचा मूळपुरुष सापडला तो ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून. त्यावरून घडवलेलं कॅप्टोप्रिल 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. औषधं उत्तम आहेत, हृदय आणि मूत्रपिंड वाचवतात. पण ब्रॅडिकिनिन साचतं. त्यामुळे काहींना कोरडा खोकला लागतो, आणि हजारात काही मोजक्यांचे ओठ, जीभ, घसा सुजतो. ग्लिप्टिन गटातली औषधं ब्रॅडिकिनिनसारख्याच रसायनांचा निकाल लावणारं दुसरं एक एन्झाइम अडवतात, म्हणून दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो.

ही सूज हळूहळू, काही तासांत चढते. खाजत नाही, गांधी आणत नाही. औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात येऊ शकते तशी चार-पाच वर्षांनीही येते, आणि म्हणूनच फसवते. ‘ही गोळी तर मी कधीपासून घेतेय’ हे वाक्य इथे निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. रोज गोळी घेऊनही सूज मात्र महिन्यांच्या अंतराने येते, त्यामुळे संशय आदल्या रात्रीच्या ताटावर जातो.

दुसरी फसवणूक जास्त वाईट. ब्रॅडिकिनिनची सूज एक ते तीन दिवसांत आपोआप उतरते. त्या दोन दिवसांत जे औषध घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. काकूंच्या तीनही खेपांना गोळीने किंवा इंजेक्शनने काहीच केलं नव्हतं. सूज तिच्या वेळेने गेली होती. ‘इंजेक्शन घेतलं की उतरतं’ असं कुणी सांगितलं की मी विचारतो, किती वेळात? हिस्टामिनची सूज असेल तर काही तासांत फरक दिसतो. उत्तर ‘दोन दिवसांत’ असेल, आणि खाज कधीच नव्हती असं असेल, तर मी पट्ट्या मागतो.

त्या रात्री भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसातज्ज्ञ दोघांना बोलावलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. पडजीभ सुजली होती, पण खालची वाट मोकळी होती. काकूंना अतिदक्षता विभागात बसवून ठेवलं, नळीची तयारी उशाशी होती, आणि प्लाझ्मा दिला. प्लाझ्मामध्ये एसीई हे एन्झाइम असतं, म्हणून तो देऊन पाहतात, हमी नसते. त्यांची जीभ पहाटेपासून उतरू लागली. ती प्लाझ्माने उतरली की आपोआप, हे मी सांगू शकत नाही. अशा वेळी श्वासाची वाट राखणं हाच खरा उपचार, बाकी सगळं जोडीला.

प्रिल ओळखणं सोपं आहे: रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. अडचण एवढीच की पट्टीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं बारीक, आणि एकत्रित गोळीत ते दुसऱ्या नावाशेजारी दडलेलं असतं. प्रिल चालू असताना ओठ सुजला तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून पर्याय घ्यावा. रक्तदाब वाऱ्यावर सोडणं हाही धोकाच आहे. जीभ, आवाज किंवा गिळणं यांत फरक पडला असेल, तर घरी वाट न पाहता जिथे भूलतज्ज्ञ आहे अशा रुग्णालयात जावं.

औषध नाही, खाज नाही, तरी वरचेवर सूज, सोबत पोटात भयंकर कळा, आणि घरात आणखी कुणाला तसंच, असं चित्र बहुधा लहानपणापासून किंवा वयात येताना दिसू लागलं असेल तर आनुवंशिक अँजिओएडिमाचा विचार करावा लागतो. तो दुर्मीळ आहे, पण त्याचाही सूत्रधार ब्रॅडिकिनिनच, आणि त्यालाही अँटिहिस्टामिन लागू पडत नाही. तपासाची सुरुवात रक्तातल्या सी4 या साध्या चाचणीने होते.

आणि प्रत्येक सुजलेला डोळा अँजिओएडिमा नसतो. एकच पापणी लाल, गरम, दुखरी आणि अंगात ताप असेल तर तो जंतुसंसर्ग. रोज सकाळी दोन्ही पापण्या फुगत असतील आणि संध्याकाळी पायांवर बोट दाबल्यावर खळगा पडत असेल, तर लघवीची तपासणी आधी.

काकूंचं रामिप्रिल कायमचं बंद झालं. त्याऐवजी अॅम्लोडिपिन सुरू केलं आणि व्हिल्डाग्लिप्टिनही बदललं. तिसऱ्या आठवड्यात ओठ एकदा किंचित सुजला. प्रिल बंद केल्यावरही काही आठवडे असं होऊ शकतं, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्या घाबरल्या नाहीत. त्यानंतर काही झालेलं नाही. पर्समध्ये त्यांनी एक चिठ्ठी ठेवली आहे, ‘प्रिल चालत नाही’ अशी, मोठ्या अक्षरात. परवा तपासणीला आल्या तेव्हा डबा घेऊन आल्या होत्या. भरली वांगी.