समोरच्याला आवाज जात नाही तेव्हा

“अहो, तुमचा आवाज तुटतोय,” असे समोरचा म्हणाला की दोष नेटवर्कला दिला जातो. पण तोच कॉल स्पीकरवर टाकताच आवाज स्वच्छ जाऊ लागला, तर बहुधा फोनच्या खालच्या कडेचे माइकचे छिद्र बुजलेले असते.

बहुतेक स्मार्टफोनमध्ये किमान दोन माइक असतात. मुख्य माइक चार्जिंगच्या खाचेशेजारी, तोंडाच्या जवळ येईल असा; दुसरा वरच्या कडेला किंवा मागच्या कॅमेऱ्याजवळ. फोन कानाला लावला की बोलणे खालच्या माइकला मोठे आणि वरच्याला बारीक ऐकू येते. रस्त्यावरचा गोंगाट मात्र दोघांकडे साधारण सारखाच पोचतो. हा फरक पाहून फोन गोंगाट ओळखतो आणि कमी करतो. खालच्या छिद्रात खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसली की बोलणेही दोन्हीकडे सारखेच बारीक पोचते. मग फोन त्यालाच गोंगाट समजून दाबू लागतो. म्हणून आवाज नुसता लहान होत नाही, तर शब्द मधूनच गायब होतात. स्पीकरवर बरेच फोन वरच्या माइकचा आधार घेतात, त्यामुळे तिथे दोष लपतो.

खात्री करायला रेकॉर्डिंग उत्तम, कारण त्यात नेटवर्कचा संबंध नसतो. आधी ब्लूटूथ बंद करावे. कपाटातल्या इअरफोननेच माइकचा ताबा घेतल्याचे कित्येकदा निघते. कव्हर काढावे, मग व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून एक ते दहा आकडे म्हणावेत आणि सहापासून खालच्या छिद्रावर बोट ठेवावे. आयफोनचा व्हॉइस मेमो खालचाच माइक वापरतो. सहानंतर आवाज एकदम दबला, तर छिद्र मोकळे आहे. पहिल्यापासूनच दबलेला असेल आणि बोटाने काही फरक पडत नसेल, तर छिद्र आधीच बंद आहे. पडताळ्यासाठी पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने एकेक छोटा व्हिडिओ घ्यावा. त्यांत सहसा दुसरे माइक चालतात. तिथे आवाज खणखणीत आला, तर दोष खालीच आहे. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि फक्त व्हॉट्सअॅप कॉलवर आवाज जात नसेल, तर त्या अॅपची माइकची परवानगी तपासावी.

सफाईसाठी फोन बंद करून, छिद्र खाली धरून कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच घासावे. सिमची पिन घालण्याचा मोह आवरावा: आत बारीक जाळी असते, ती फाटली की धूळ थेट माइकपर्यंत जाते. तोंडाने फुंकर मारल्यास मळ आणखी आत बसतो, वर ओलावाही शिरतो. चुकीच्या मापाच्या कव्हरनेही छिद्र झाकले जाते. ते काढताच आवाज सुधारला तर ब्रशची गरजच उरत नाही.

सफाईनंतरही रेकॉर्डिंग दबलेलेच राहिले, तर माइक निकामी झालेला असू शकतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तो चार्जिंगच्या छोट्या बोर्डावरच असतो, म्हणून चार्जिंगही अडखळत असेल तर दुरुस्ती करणारे आधी तो बोर्ड तपासतात.