सहा हजार सहाशेचे सहाशे साठ

शुक्रवार, १३ जून २०२५ रोजी पुण्याच्या बजाज फायनान्सचा शेअर नऊ हजार रुपयांच्या वर बंद झाला. सोमवारी, १६ तारखेला तो नऊशेच्या घरात उघडला. ज्या ॲपमध्ये नवे शेअर अजून चढले नव्हते, तिथे भागधारकाला शेअरची संख्या जुनीच, खरेदीची सरासरी जुनीच आणि भाव मात्र एकदशांश दिसत होता. म्हणजे गुंतवणूक नव्वद टक्के बुडाल्याचं चित्र. प्रत्यक्षात एक रुपयाही कुठे गेला नव्हता. कंपनीने एकाच नोंदतारखेला दोन गोष्टी केल्या होत्या. दोन रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर केले, आणि त्यावर चारास एक प्रमाणात बोनस दिला.

इथे पहिली गफलत होते ती प्रमाण वाचताना. चारास एक म्हणजे हातातल्या एका शेअरवर चार नवे, एकूण पाच. विभाजनाने एकाचे दोन झाले, बोनसने त्या प्रत्येकाचे पाच, म्हणून दोन गुणिले पाच, दहा. बरेच जण चार आणि दोनची बेरीज करून सहा शेअरची वाट पाहत बसतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुणाकारच करायचा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी २०२२ मध्ये ६,००० रुपयांनी सहा शेअर घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये ७,५०० रुपयांनी आणखी चार. खर्च ३६,००० अधिक ३०,०००, एकूण ६६,०००. दहा शेअर, सरासरी ६,६००. बोनस आणि विभाजनानंतर त्यांच्या खात्यात शंभर शेअर हवेत आणि सरासरी ६६० रुपये. पडताळा सोपा आहे: संख्या गुणिले सरासरी हा आकडा आधी जो होता, तोच नंतरही यायला हवा. ६६,००० ऐवजी १३,२०० आले, तर सरासरी विभाजन आणि बोनस दोन्हींसाठी बदलली, मात्र शेअर वीसच चढले असं समजावं. ३,३०,००० आले, तर शंभर शेअर चढले, पण सरासरी फक्त विभाजनापुरती खाली आली.

पण हा पडताळा कुठल्या कागदावर करायचा? संख्येसाठी डिमॅटचं विवरणपत्र. एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून पॅनवर येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रात शेअरची संख्या आणि बाजारभावाने होणारी किंमत असते. तुम्ही तो शेअर केवढ्याला घेतला, हे डिपॉझिटरीला ठाऊकच नसतं, त्यामुळे सरासरी तिथे सापडणार नाही. ती ब्रोकर स्वतःच्या वहीतून ॲपमध्ये दाखवतो. म्हणून संख्या चुकली तर तक्रार डिमॅट खात्याची आणि सरासरी चुकली तर ब्रोकरच्या हिशेबाची. दुसऱ्या ब्रोकरकडून शेअर हलवून आणले असतील आणि खरेदीचा भाव आपण हाताने भरला असेल, तर तो तसाच जुना राहण्याची शक्यता जास्त. तिथे आवर्जून बघावं.

विवरणपत्रात विभाजन आणि बोनस यांच्या खुणाही वेगळ्या असतात. विभाजनात दर्शनी किंमत बदलते, म्हणून शेअरचा आयएसआयएन क्रमांक बदलतो. बजाज फायनान्सचा INE296A01024 होता, तो INE296A01032 झाला. जुन्या क्रमांकाचे शेअर खात्यातून वजा आणि नव्याचे जमा, अशा दोन नोंदी दिसतात. नुसती वजा नोंद पाहून कोणी आपले शेअर काढून नेले असं वाटायला नको. बोनसमध्ये मात्र काहीच वजा होत नाही, फक्त जमा होते. सेबीच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर झालेल्या बोनसचे शेअर नोंदतारखेनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विक्रीला खुले व्हावे लागतात. तेव्हा दोन-तीन दिवस थांबावं. त्यानंतरही संख्या जुनीच असेल तर ब्रोकरला लेखी कळवावं.

इथवरचं प्रकरण धीराने निभावतं. खरी अडचण पुढे, विक्रीच्या वेळी येते, कारण ॲपमधली ६६० ही सरासरी प्राप्तिकराच्या हिशेबात चालत नाही.

विभाजनाने जुन्याच शेअरचे तुकडे होतात, म्हणून खरेदीची तारीख मूळचीच राहते आणि किंमत वाटली जाते. बोनसचा शेअर करासाठी नवा शेअर असतो: त्याची खरेदी किंमत शून्य आणि त्याचा काळ वाटप झालेल्या दिवसापासून मोजायचा. (३१ जानेवारी २०१८ पर्यंत मिळालेल्या बोनसला वेगळा नियम आहे, तिथे त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार मिळतो.) त्यामुळे बाईंच्या शंभर शेअरचे करासाठी तीन गट पडतात. २०२२ चे बारा, प्रत्येकी ३,००० रुपयांचे. जानेवारी २०२५ चे आठ, ३,७५० रुपयांचे. आणि जून २०२५ चे ऐंशी, शून्य रुपयांचे. विकताना जे आधी आले ते आधी गेले असं धरतात.

समजा त्यांनी फेब्रुवारी २०२६ मध्ये ९०० रुपये भावाने तीस शेअर विकले. ॲपच्या सरासरीने प्रत्येकी २४० रुपये, म्हणजे ७,२०० रुपये नफा. करासाठी मात्र आधी जुने वीस गेले. त्यांचे १८,००० आले, त्यांची किंमत ६६,०००, म्हणजे ४८,००० रुपये तोटा, तोही वर्षाहून जुन्या शेअरचा, दीर्घ मुदतीचा. उरलेले दहा बोनसचे. त्यांचे सगळे ९,००० रुपये नफा, आणि वर्ष पुरं झालं नसल्याने अल्प मुदतीचा. दीर्घ मुदतीचा तोटा अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे त्यांचं इतर उत्पन्न करपात्र असेल, तर ४८,००० चा तोटा हातात असूनही ९,००० वर वीस टक्क्यांनी १,८०० रुपये कर आणि वर उपकर. तो तोटा विवरणपत्र वेळेत भरून पुढच्या आठ वर्षांसाठी राखून ठेवता येतो. बोनसच्या शेअरला वर्ष होऊ दिलं असतं, तर तोटा आणि नफा दोन्ही दीर्घ मुदतीचे झाले असते आणि हा कर पडलाच नसता.

या विक्रीनंतर काही ॲपमध्ये उरलेल्या सत्तर शेअरची सरासरी शून्य दिसते. ती चूक नव्हे. ते ॲप आधी आलेले आधी वजा करून हिशेब ठेवतं, आणि मागे राहिलेत ते सगळे बोनसचे. दुसऱ्या ॲपमध्ये त्याच सत्तर शेअरवर ६६० दिसत राहील. करासाठी शून्य हाच आकडा खरा, कारण मूळ ६६,००० रुपये त्या वीस शेअरबरोबर खर्ची पडले. ते सत्तर पुढे नऊशेनेच विकले तर ६३,००० रुपये पूर्ण नफा धरला जाईल. त्यातून आधीची ३९,००० ची निव्वळ तूट काढली की उरतात २४,०००. शंभर शेअरचे आलेले ९०,००० आणि घातलेले ६६,००० यांतला फरकही तेवढाच आहे. एकूण नफा बदलत नाही. कोणत्या वर्षी किती आणि कुठल्या मुदतीचा दाखवायचा, ते बदलतं.

शेअर फार अलीकडे घेतले असतील तर आणखी एक नियम आडवा येतो. नोंदतारखेआधीच्या तीन महिन्यांत खरेदी करून, बोनस हातात ठेवून, मूळ शेअर नऊ महिन्यांच्या आत तोट्यात विकले, तर तो तोटा मोजलाच जात नाही. तो हातातल्या बोनस शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो, आणि मग तिथे शून्य उरत नाही. बाईंची जानेवारीची खरेदी तीन महिन्यांच्या बाहेर होती. त्यांनी तेच चार शेअर एप्रिल २०२५ मध्ये घेतले असते, तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला असता.