चष्म्याच्या चिठ्ठीतले तीन आकडे

चिठ्ठीच्या फोटोत उजव्या डोळ्यापुढे ‘-1.25 / -0.75 × 180’ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा स्फिअरचा. वजा म्हणजे लांबचे अंधुक दिसते. दुसरा सिलिंडरचा. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली, की एका दिशेला जादा नंबर लागतो, तो हा. 180 पाहून पहिल्यांदा चष्मा लागणारे दचकतात. पण अ‍ॅक्सिस हा नंबर नव्हेच, सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते तो सांगतो. 180 म्हणजे आडवा अक्ष, आणि सिलिंडरची ताकद अक्षाच्या काटकोनात चालते. म्हणून हे भिंग आडव्या दिशेत -1.25, उभ्या दिशेत -2.00 भरते. नंबर सहसा 0.25 च्या टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे पुसट फोटोतले ‘125’ बहुधा 1.25 असते. अधिक-वजाचे चिन्ह मात्र अंदाजाने ठरवू नये. मूळ चिठ्ठी पाहावी.