रत्नागिरीच्या आधी की नंतर

कोकणातल्या गाडीत एक संवाद कधी ना कधी कानावर पडतोच. टीसी तिकीट बघतो, वर मान करून म्हणतो, "तुमचं रत्नागिरी मागेच गेलं की." समोरचा शांतपणे सांगतो, "हो साहेब, कणकवलीला जायचंय. तुम्ही आलात की पैसे भरायचे म्हणूनच थांबलो होतो." टीसी पावतीपुस्तक किंवा हातातलं यंत्र काढतो आणि जो आकडा सांगतो तो ऐकून त्या माणसाचा चेहरा बदलतो. त्याच्या हिशेबात फक्त रत्नागिरी ते कणकवलीचं भाडं असतं, आणि टीसीने त्यात दंड धरलेला असतो. पुढची दहा मिनिटं सगळा डबा ऐकतो.

त्या माणसाची भावना खोटी नसते. पैसे द्यायची त्याची तयारी होतीच. तरीही चूक त्याचीच ठरते, कारण इथे प्रश्न पैसे द्यायच्या तयारीचा नाही, विचारलं कधी याचा आहे.

१९८९ च्या रेल्वे कायद्यातलं १३८ वं कलम या बाबतीत सरळ आहे. तिकिटावर किंवा पासवर जिथवरची परवानगी आहे त्याच्या पुढे प्रवास केला, तर दोन रकमा द्याव्या लागतात. पहिली भाड्यातला फरक, म्हणजे केलेल्या प्रवासाचं भाडं वजा तुम्ही आधी भरलेलं. दुसरी त्याच्यावरचा जादा आकार, ज्याला आपण सगळे दंड म्हणतो. हा जादा आकार फरकाच्या रकमेइतका असतो, पण २५० रुपयांपेक्षा कमी कधीच नाही. मूळ कायद्यात हा किमान आकडा ५० रुपये होता, नंतर दुरुस्ती होऊन तो २५० झाला. तुम्ही झोपला होतात, बोलण्यात गुंगला होतात की मुद्दाम पुढे गेलात, याची चौकशी या हिशेबात येत नाही. हेतू फसवणुकीचा असेल तर त्यासाठी वेगळं, १३७ वं कलम आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे. १३८ मध्ये फक्त एवढंच पाहिलं जातं, की तिकीट कुठवरचं आणि माणूस कुठे.

आता त्या कणकवलीच्या प्रवाशाचा हिशेब करून बघू. समजा, त्याच्याकडे स्लीपरचं रत्नागिरीपर्यंतचं तिकीट आहे. चिपळूण सोडल्यावर घरून फोन येतो, मामी आजारी आहेत, तू परस्पर कणकवलीलाच ये. भाड्यातला फरक १२० रुपये धरू (आकडा समजण्यापुरता घेतलाय, खरा फरक गाडी आणि वर्गाप्रमाणे बदलतो). त्याने तेव्हाच उठून, रत्नागिरी यायच्या आत टीसीला गाठलं आणि "मला पुढे कणकवलीपर्यंत वाढवून द्या" असं सांगितलं, तर पुढच्या अंतराचं भाडं भरून पावती मिळते. याला प्रवास वाढवणं म्हणतात आणि त्यात दंड नाही. तो जागेवरच बसून राहिला आणि रत्नागिरी सुटल्यावर आडवली-विलवडेच्या आसपास टीसी आला, तर १२० अधिक २५०, एकूण ३७० रुपये. तेच अंतर, तीच गाडी, तेच बाकडं. वातानुकूलित डब्यात फरक समजा ४०० रुपये निघाला, तर जादा आकारही ४०० होतो आणि एकूण ८०० जातात. थोडक्यात, फरक २५० च्या आत असेल तोवर दंड २५०, त्यावर गेला की भाडं दुप्पट.

"टीसी येईल तेव्हा भरू" हा आपला सर्वसाधारण समज इथे मार खातो. टीसी आपल्याकडे येणं आणि आपण टीसीकडे जाणं, या दोन गोष्टी रेल्वेच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. नियमाची भाषाच अशी आहे, की तिकिटावरचं स्टेशन येण्याआधी किंवा ते ओलांडण्याआधी प्रवाशाने तपासनिसाशी संपर्क साधायचा. कष्ट प्रवाशाने घ्यायचे. मला हे कडक वाटतं, पण अन्यायाचं वाटत नाही. स्टेशन गेल्यावर सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी धरली, तर पकडला जाईपर्यंत गप्प बसणारा आणि खरोखर वाट बघणारा यांच्यात फरक करायला टीसीकडे काय साधन उरतं?

म्हणून व्यवहाराचं सांगायचं तर दोन स्टेशनं आधीच उठावं. चिपळूणनंतर संगमेश्वर रोड येतं, तिथेच हालचाल सुरू करावी. एका टीसीकडे बरेच डबे असतात, गर्दीच्या दिवसांत तो तुमच्या डब्यात तासभर फिरकतही नाही. शेजारच्या डब्यात जाऊन बघावं, एसी डब्यातल्या अटेंडंटला विचारावं. टीसी भेटल्यावर "नंतर बघू, बसा" असं म्हणाला, तर त्याला निदान तिकीट दाखवून ठेवावं आणि कुठवर जायचंय ते सांगावं. मात्र तोंडी होकारावर विसंबून राहू नये. पुढे ड्युटी बदलते, नवा टीसी चढतो, आणि आधीच्याने काय म्हटलं होतं हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

बर्थची गोष्ट याहून नाजूक. भाडं भरून प्रवास वाढवता येतो, बर्थ आपोआप वाढत नाही. तुमची खालची जागा रत्नागिरीपर्यंत तुमची होती, तिथून पुढे ती दुसऱ्या कुणाच्या नावावर असू शकते. गणपतीच्या दिवसांत तर असतेच. टीसी यादी बघून रिकामी जागा असेल तर देतो, नसेल तर उठावं लागतं. रत्नागिरीला चढलेल्या काकांना "मी जादाचे पैसे भरलेत" असं सांगून काही होत नाही, कारण त्यांनीही भरलेले असतात. पुढे जायचं आहे हे आदल्या दिवशीच कळलं असेल तर रत्नागिरी ते कणकवली असं त्याच गाडीचं दुसरं आरक्षित तिकीट काढणं शहाणपणाचं. डबा बदलावा लागेल, पण बसायला हक्काची जागा राहील.

पैसे दिले की पावती घ्यायची, हे सांगायला नको, तरी सांगतो. पावतीवर कुठून कुठवर, भाडं किती आणि जादा आकार किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. आपण स्टेशनच्या आधी विचारलं असेल, तर जादा आकाराच्या जागी काही नाही ना, हे तिथेच बघावं, गाडीतून उतरल्यावर नाही. आणि ती पावती मूळ तिकिटासोबत फाटकाबाहेर पडेपर्यंत खिशात ठेवावी. तुमचं पुढचं तिकीट तीच असते. पावतीविना दिलेली नोट कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि पुढच्या टीसीसमोर तुम्ही पुन्हा रत्नागिरीचेच प्रवासी असता.

हे झालं लांबच्या गाडीचं. मुंबईच्या लोकलमध्ये हाच नियम फार विचित्र दिसतो. सीएसएमटी ते दादर सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपये. फास्ट लोकलमध्ये आत ढकलला गेलात, दादरला दारापर्यंत पोचता आलं नाही आणि कुर्ल्याला उतरलात. सीएसएमटी ते कुर्ला १० रुपये. फरक ५ रुपयांचा, जादा आकार २५०, एकूण २५५. पाच रुपयांसाठी पन्नासपट दंड हे ऐकून कुणीही चिडेल. पण किमान रक्कम आहे ती एवढ्यासाठीच. फरकाइतकाच दंड असता, तर लोकलमध्ये दादरचं तिकीट काढून कुर्ल्याला जाणं हा धंदाच झाला असता.

लोकलमध्ये आणखी एक अडचण आहे. इथे प्रवास वाढवून मागायला टीसी शोधणार कुठे? तो बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मवर किंवा पुलावर असतो आणि तो भेटेपर्यंत जादा प्रवास झालेला असतो. मोबाइलवरचं कागदाविना तिकीट रुळांच्या अगदी जवळ असताना निघत नाही, ते त्याचसाठी. त्यामुळे लोकलमध्ये खरा उपाय चढण्याआधीचाच. जी मंडळी विद्याविहारला जायला फास्ट पकडून घाटकोपरला उतरतात आणि स्लो गाडीने एक स्टेशन मागे येतात, त्यांच्या हे ध्यानातही नसतं, की विद्याविहारच्या तिकिटावर घाटकोपरला उभं राहणं हा पुढे केलेला प्रवासच आहे. असं करायचंच असेल तर तिकीट घाटकोपरचं काढावं आणि मागे यायचं वेगळं. पासवाल्यांनाही हेच लागू आहे. पास दादरचा असेल तर दादरच्या पुढे त्याचा धाक नाही.

पैसे द्यायचे नाकारले तर? मग प्रकरण डब्यातून कोर्टात जातं. तपासनीस दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, रक्कम दंडासारखी वसूल होते आणि ती न भरल्यास दहा दिवसांपासून महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. १३९ व्या कलमाप्रमाणे प्रवाशाला गाडीतून उतरवताही येतं. मात्र सोबत पुरुष नसलेली स्त्री किंवा मूल असेल तर त्यांना वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, आणि तेही दिवसाउजेडीच. ही तरतूद घरातल्या बायका-मुलींना माहीत असलेली बरी.

कायद्यात एक सुटकेची वाटही आहे, जी फारशी कुणी वापरत नाही. तिकीट काढायला वेळच मिळाला नाही, तर गाडीत चढण्याआधी अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याकडून, जुन्या शब्दांत गार्डकडून, "नंतर भाडं भरण्याच्या अटीवर परवानगी" असा दाखला घेता येतो. तो हातात असेल तर भाडं द्यावं लागतं, जादा आकार नाही. तो मागण्याची वेळही आधीचीच.

झोपेत स्टेशन जाणाऱ्यांसाठी रात्रीच्या गाडीत १३९ या क्रमांकावर फोन करून उतरायच्या स्टेशनआधी जागं करण्याची सोय नोंदवता येते. मोबाइलचा गजरही चालतो, फक्त गाडी उशिरा धावत असेल तर तो वेळ बदलून लावावा.