आधी वाक्याचं शेपूट धरा!

परीक्षा तोंडावर आलीये, संदर्भग्रंथ उघडलाय आणि तीन ओळी वाचून झाल्या तरी पूर्णविराम काही येत नाही. मग आपण काय करतो? ओळखीचे शब्द हायलायटरने रंगवतो आणि अर्थ अंदाजाने जुळवतो. हा अंदाज कधी कधी नेमका उलटा निघतो. अशा पुस्तकांच्या थाटात मुद्दाम तयार केलेलं हे एक वाक्य बघा:

‘१९९१च्या परकीय चलन संकटानंतर केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ज्या औद्योगिक धोरणामुळे बहुतेक उद्योगांना लागणारी परवान्याची अट रद्द झाली, त्या धोरणाचे लाभ, काही अभ्यासकांच्या मते, पायाभूत सुविधा असलेल्या राज्यांनाच प्रामुख्याने मिळाले असले, तरी त्यामुळे मागास राज्यांची स्थिती खालावली, असा निष्कर्ष केवळ या आकडेवारीवरून काढता येत नाही.’

आता सांगा, मागास राज्यांची स्थिती खालावली असं लेखक म्हणतोय का? घाईत वाचणारा ‘हो’ म्हणेल, कारण ‘खालावली’ हा शब्द त्याच्या डोळ्यांत भरलेला असतो. पण लेखक तसं म्हणतच नाहीये.

शेवटून सुरुवात

मराठीत मुख्य क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच दडलेला असतो. म्हणून वाक्य लांब दिसलं की आधी पूर्णविरामाशी जा. इथे काय सापडतं? ‘काढता येत नाही’. आता त्याला प्रश्न विचारा, काय काढता येत नाही? ‘निष्कर्ष’. कोणाला, ते वाक्यात दिलेलंच नाही. अभ्यासाच्या पुस्तकांत करणारा असा बऱ्याचदा गायब असतो. म्हणजे वाक्याचा कणा एवढाच: ‘असा निष्कर्ष काढता येत नाही’. बाकी सगळं त्याला टांगलेलं आहे.

करणारा दिलेला असेल, तर ‘कोणी?’ असं विचारून तो शोधा. नुसत्या लिंग-वचनावर जाऊ नका. ‘सरकारने योजना जाहीर केली’ यात ‘केली’ हे रूप योजनेशी जुळतं, पण जाहीर करणारं सरकार आहे.

पूर्णविराम देऊन बघा

आता उरलेली क्रियारूपं तपासू. प्रत्येकापुढे मनातल्या मनात पूर्णविराम द्या. ‘जाहीर केलेल्या.’ असं वाक्य संपतं का? नाही. ‘लागणारी’ आणि ‘असलेल्या’ यांचंही तेच. ही रूपं पुढे येणाऱ्या नामाचं विशेषण म्हणून आली आहेत, तेव्हा पहिल्या वाचनात ती कंसात टाका. ‘रद्द झाली’ आणि ‘खालावली’ यांच्यापुढे मात्र पूर्णविराम चालतो. याचा अर्थ तिथे एकेक उपवाक्य संपतंय.

ती उपवाक्यं कण्याला कशी जोडली आहेत, हे छोटे शब्द सांगतात. ‘ज्या’ दिसलं की त्याची जोडी ‘त्या’ शोधायची; या दोघांमधला मजकूर फक्त कोणतं धोरण ते सांगतो. ‘असले, तरी’ म्हणजे एक गोष्ट तात्पुरती मान्य करून पुढे वेगळं सांगायचंय. आणि ‘असा’ हा शब्द त्याच्या आधीचं उपवाक्य उचलून निष्कर्षाच्या पदरात टाकतो. म्हणून ‘स्थिती खालावली’ हे लेखकाचं विधान नाही, लेखक ज्याला अडवतोय तो निष्कर्ष आहे. ‘काही अभ्यासकांच्या मते’ हे शब्दही पाहा. त्यांची सत्ता फक्त लाभाच्या मुद्द्यापुरती आहे, ‘तरी’च्या पुढे लेखक स्वतः बोलतोय.

आता वाक्य वहीत असं उतरेल:

१. १९९१च्या संकटानंतर केंद्राने नवं औद्योगिक धोरण आणलं.
२. त्यामुळे बहुतेक उद्योगांची परवान्याची अट गेली.
३. काही अभ्यासक म्हणतात, लाभ मुख्यतः सुविधा असलेल्या राज्यांना झाला.
४. पण त्याने मागास राज्यांची स्थिती खालावली, असं एवढ्या आकडेवारीवरून म्हणता येत नाही.

चौथ्या ओळीतलं ‘एवढ्या’ गाळू नका. स्थिती खालावली नाही, असंही लेखक म्हणत नाहीये. पुरावा अपुरा आहे, इतकंच त्याचं म्हणणं आहे.

व्याकरण कुठे थांबतं?

‘सुविधा असलेल्या राज्यांतील उद्योगांना’ हे शब्द घ्या. सुविधा राज्यांत आहेत की उद्योगांकडे? रचनेवरून दोन्ही अर्थ निघू शकतात. अशा वेळी वाक्य पुन्हा पुन्हा घोटून उपयोग नाही, आधीचा परिच्छेद बघावा लागतो.

आणि ही शेपटाची युक्ती इंग्रजी पुस्तकाला लावू नका. तिथे मुख्य क्रियापद कर्त्यानंतर येतं. मध्ये ‘व्हिच’ किंवा ‘हू’चं उपवाक्य घुसलं असेल, तर ते झाकून पुढचं क्रियापद शोधायचं. दोन्हीकडे वाक्य सुटलं की नाही हे ओळखायची खूण एकच: पुस्तक मिटून, ‘कोण, काय करतंय किंवा नाकारतंय?’ हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे.