खापरीपर्यंतचं वाचन

८ जुलै २०२५ ला पॉकेट हे लेख साठवून नंतर वाचायचं ॲप बंद झालं. नागपुरात सदरमध्ये राहून रोज मिहानला नोकरीसाठी जाणारी माझ्यासारखी माणसं सकाळी कस्तुरचंद पार्कच्या मेट्रो स्टेशनवर चढतात आणि खापरीला उतरतात. तेवढा साधारण अर्धा तास गेली काही वर्षं माझ्या लांब लेखांचा होता. रात्री घरी लेख साठवायचा, सकाळी गाडीत वाचायचा. ॲप बंद होणार ही बातमी २२ मे ला आली आणि मी मागे वळून बघायला लागलो, की ही साठवायची सवय लागली कशी आणि आपण नेमकं साठवत काय होतो.

साठवणं ॲपच्याही आधीचं आहे. २००४ च्या सुमाराला सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावं लागे. तिथे वाचायला वेळ कोणाला? पान सेव्ह करायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि घरी उघडायचं. इंग्रजी पान नीट उघडे. मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसत. तेव्हा बरीच मराठी वृत्तपत्रं युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येकाचा आपला फॉन्ट होता आणि तो पानासोबत घरी येत नसे. मजकूर साठवला जाई, पण वाचता येत नसे. मराठी वाचकाला साठवणीचा पहिला धडा असा मिळाला.

ऑगस्ट २००७ मध्ये नेट वायनर या तरुणाने फायरफॉक्ससाठी ‘रीड इट लेटर’ नावाचं छोटं बटण केलं. तेच पुढे, २०१२ मध्ये, पॉकेट झालं. जानेवारी २००८ मध्ये मार्को आर्मेंटचं इन्स्टापेपर आलं. आमच्याकडे त्या काळी याचा खरा उपयोग पैशांचा होता. मोबाइलचा डेटा महाग होता, आणि ब्रॉडबँडच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. म्हणून रात्री उशिरा लेख उतरवून घ्यायचे आणि दिवसभर बसमध्ये, सेवाग्रामच्या गाडीत वाचायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हे कारण एका फटक्यात संपलं. नागपूरची मेट्रो तर जमिनीवरून नाहीतर पुलावरूनच धावते, त्यामुळे गड्डीगोदामपासून खापरीपर्यंत नेटवर्क जात नाही. तरी आम्ही साठवत राहिलो, कारण मधल्या काळात ही ॲप्स दुसरंच एक काम उत्तम करायला लागली होती. ती पानावरचा पसारा काढून फक्त लेख हातात ठेवत.

हे काम कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्क९० या संस्थेने ‘रीडेबिलिटी’ नावाचं बटण काढलं. त्याच कुळातला कोड आज फायरफॉक्सच्या वाचन-दृश्यात आहे. त्याला भाषा कळत नाही, तो परिच्छेदांना गुण देतो. पंचवीसपेक्षा कमी अक्षरांचा परिच्छेद सोडून द्यायचा. बाकी प्रत्येकाला एक गुण, त्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामाला एक आणि दर शंभर अक्षरांना एक, पण अक्षरांचे गुण तीनच्या वर नाहीत. ज्या चौकटीत गुण जास्त जमतात ती लेखाची, आणि जिच्यात दुव्यांचंच प्रमाण जास्त तिचे गुण कापायचे. म्हणूनच मध्येच घुसवलेली ‘हेही वाचा’ची चौकट बहुधा गळून जाते. आणखी एक बारीक नियम आहे. लेखाच्या चौकटीशेजारचा ऐंशी अक्षरांच्या आतला छोटा परिच्छेद त्यात पूर्णविराम असेल तर ठेवला जातो. आपण मराठीत इंग्रजीसारखाच टिंबाचा पूर्णविराम वापरतो म्हणून आपली छोटी वाक्यं या नियमात बसतात. हिंदीतल्या उभ्या दंडाला तो नियम ओळखत नाही.

फसगत कुठे व्हायची तेही ठरलेलं होतं. ई-पेपरचं कात्रण हे मजकुराचं चित्र असतं, त्यातून ॲपला एक शब्दही मिळत नाही. पाच पानांत तोडलेल्या लेखाचं बऱ्याचदा पहिलंच पान येई. वर्गणीदारांसाठीचा लेख असेल तर पान आणायला ॲपचा सर्व्हर जातो, तुम्ही नाही. त्याच्याकडे तुमचं लॉगिन नसतं, म्हणून पहिले दोन परिच्छेद येऊन थांबतात. यादीतला मिनिटांचा आकडा पाहिला की हे कळे. दिवाळी अंकातल्या दीर्घलेखापुढे ‘१ मिनिट’ दिसलं की समजायचं, लेख आलेला नाही. मी ते बघायचो नाही. स्टेशनवर उघडल्यावर कळायचं.

पॉकेट २०१७ मध्ये मोझिलाने घेतलं होतं. बंद करताना त्यांनी यादी उतरवून घ्यायला मुदत दिली. मिळाली ती सीएसव्ही फाइल. एका लेखाला एक ओळ, साधारण अशी:

```
title,url,time_added,tags,status
वऱ्हाडातला कापूस,https://example.com/kapus,1404200000,,unread
```

मी ती थेट एक्सेलमध्ये उघडली आणि २००४ परत आलं. मराठी शीर्षकांच्या जागी चिन्हांचा ढीग. या वेळी दोष फॉन्टचा नव्हता. एक्सेलने युनिकोड ओळखलं नव्हतं. डेटा टॅबमधून फाइल आत घेताना `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की शीर्षकं वाचता आली. तिसऱ्या रकान्यातला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. त्याची तारीख अशी निघते:

```
=C2/86400+DATE(1970,1,1)
```

उत्तराच्या पेशीला तारखेचं रूप दिलं की वरची ओळ १ जुलै २०१४ ची आहे असं दिसतं.

पाच रकाने मी पुन्हा पुन्हा पाहिले. शीर्षक, पत्ता, वेळ, खुणा, आणि वाचलं की नाही. लेख त्यात नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी माझा संग्रह म्हणत होतो ती पत्त्यांची वही होती. मजकूर होता, पण फोनमधल्या तात्पुरत्या जागेत. ॲपसोबत तोही गेला. मग एकेक जुना पत्ता उघडून पाहिला. मोठ्या इंग्रजी मासिकांचे बहुतेक लेख जागेवर होते. मराठीत तसं नव्हतं. एका नियतकालिकाचं संकेतस्थळच उरलं नव्हतं. दुसऱ्याने नव्या रचनेत सगळे पत्ते बदलले होते, त्यामुळे जुना दुवा मुखपृष्ठावर नेऊन सोडी. काही पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मिळाली, काही नाहीच मिळाली. विदर्भातल्या शेतीवरचे दोन लेख मला फार जवळचे होते. त्यातला एक हाती लागला.

पत्ता आणि लेख यांतला हा फरक मला २०२४ मध्येच कळायला हवा होता. ऑम्निव्होर हे चांगलं, मुक्तस्रोत ॲप त्या वर्षीच्या शेवटी काही आठवड्यांच्या सूचनेवर बंद झालं. आणि उपाय तर त्याच्याही आधीपासून आहेत. निकोला लोयएने २०१३ मध्ये सुरू केलेलं वॉलाबॅग स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं आणि त्यातून लेख ईपबच्या रूपात बाहेर निघतात, म्हणजे कोणत्याही पुस्तकवाचकात उघडतात. सिंगलफाइल हे ब्राउझरचं एक्स्टेंशन समोर दिसतं ते पान चित्रांसकट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवतं. पान तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडलेलं असल्याने तुम्ही वर्गणी भरून वाचत असलेला लेखही पूर्ण येतो. मात्र यादी, खुणा, वाचलं-न वाचलं हे सगळं मग स्वतः सांभाळावं लागतं, आणि चित्रांमुळे फाइल कित्येक एमबींची होते. मी रोजच्या लेखांना वॉलाबॅग आणि फार आवडलेल्यांना सिंगलफाइल असं करतो.

रात्री झोपण्याआधी आता दोन मिनिटं जास्त जातात. फोन विमान मोडवर टाकतो, उद्याचा लेख उघडतो आणि सरळ शेवटच्या परिच्छेदावर जातो. तो दिसला तरच लेख उद्याच्या यादीत राहतो. काल रात्री ‘१ मिनिट’वाला एक सापडला, पुन्हा उतरवला. आज कस्तुरचंद पार्कला तो उघडला, आणि उज्ज्वल नगर मागे पडलं तरी संपला नव्हता.